मुलाची फिट थांबवण्यासाठी गालात किंवा नाकात द्यायचं मिडाझोलाम : पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

लहान मुलांच्या मेंदूविकार ओपीडीत डॉक्टर चिठ्ठीवर मिडाझोलाम लिहून देतात आणि कसं द्यायचं तेही समजावून सांगतात. तरी घरी गेल्यावर पालकांना खरे प्रश्न पडतात आणि ते आम्हा परिचारिकांकडे येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. डोसचे आकडे मुद्दाम दिले आहेत, म्हणजे तुमच्या चिठ्ठीवरचा हिशेब तुम्हाला समजेल आणि काही गफलत असली तर ती वेळेवर दिसेल. चिठ्ठीवर वेगळा आकडा असला तर चिठ्ठीच खरी माना. शंका आली तर फिट नसताना फोन करून विचारा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर हे औषध स्वतःहून आणून देऊ नका.

१. रोजचं फिटचं औषध चालू आहे. मग हे वेगळं औषध कशाला?

रोजचं औषध फिट येऊ नये म्हणून असतं. सुरू झालेली फिट ते थांबवू शकत नाही, कारण पोटातून रक्तात जायला त्याला वेळ लागतो आणि फिटमध्ये मुलाला काही गिळताही येत नाही. मिडाझोलाम चालू फिट थांबवण्यासाठी आहे. गालाच्या आतल्या किंवा नाकातल्या ओल्या त्वचेतून ते थेट रक्तात शिरतं आणि मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर वाढवतं. ते रोज द्यायचं नाही, आणि ते दिलं म्हणून रोजचा डोसही चुकवायचा नाही. मूल पूर्ण जागं होऊन नीट गिळायला लागलं की रोजचं औषध नेहमीप्रमाणे सुरू ठेवा.

२. पाच मिनिटं थांबायला का सांगतात? डोळ्यांसमोर मूल झटके देतंय, लगेच दिलं तर काय बिघडेल?

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. अशा प्रत्येक फिटला मिडाझोलाम दिलं तर मूल विनाकारण तासन्‌तास गुंगीत राहील आणि श्वास मंदावण्याचा धोका उगाच पत्करावा लागेल.

पाच मिनिटांनंतर मात्र चित्र बदलतं. तेवढा वेळ चाललेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणूनच पूर्ण अंगाची फिट पाच मिनिटांपुढे गेली की तिला 'स्टेटस एपिलेप्टिकस' समजून उपचार करायचे, असं आता जगभर मानलं जातं. आणखी एक कारण पेशींच्या पातळीवरचं आहे. मिडाझोलाम मेंदूच्या पेशींवरच्या ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागा फिट लांबत गेली की पेशीच्या आत ओढल्या जातात. पाचव्या मिनिटाला जो डोस पुरला असता, तोच पंचविसाव्या मिनिटाला अपुरा पडतो. म्हणजे घाई करायची नाही, पण पाच मिनिटं झाली की 'अजून एक मिनिट बघू' असंही करायचं नाही.

काही मुलांना डॉक्टर याहून लवकर द्यायला सांगतात, उदाहरणार्थ ज्यांच्या फिट आधी अर्धा-अर्धा तास चालल्या आहेत किंवा ज्यांना ड्राव्हे सिंड्रोम हा लहानपणीच सुरू होणारा, लांब फिट आणणारा जन्मजात आजार आहे. तसं असेल तर ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

वेळ घड्याळात बघूनच मोजा. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिटही दहा मिनिटांसारखं वाटतं. फिट सुरू झाली की मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं, ही पहिली कृती. झोपेतली फिट असेल आणि कधी सुरू झाली ते कुणी पाहिलंच नसेल, तर पाच मिनिटं झालीच आहेत असं धरून चाला.

३. गालात चांगलं की नाकात?

मूळ औषध तेच. दोन्ही वाटांनी ते साधारण सारख्याच वेगाने काम करतं. फरक पडतो तो वापरण्यात. नाकात कमी थेंब लागतात, दातखीळ बसली तरी अडत नाही, लाळेचा त्रास नाही. पण नाक गच्च भरलेलं असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर औषध शोषलं जात नाही. शिवाय मिडाझोलामचं द्रावण आम्लधर्मी असतं, त्यामुळे नाकात चांगलंच झोंबतं. फिटमधल्या मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं तर ते त्यामुळे.

गालासाठी मोजून भरलेल्या सिरिंज मिळत असतील तर त्यांत चूक होण्याची शक्यता सगळ्यात कमी. पण तोंडात लाळ आणि उलटी भरलेली असेल तर औषध वाहून जातं.

पूर्वी गुदद्वारातून डायझेपाम देत असत. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तुलनेत गालातल्या मिडाझोलामने ५६ टक्के वेळा यश आलं, तर गुदद्वारातल्या डायझेपामने २७ टक्के वेळा. श्वासाचा त्रास दोन्हींत साधारण सारखाच होता. यातल्या ५६ या आकड्याकडे मी पालकांचं मुद्दाम लक्ष वेधते. औषध चांगलं असलं तरी ते दर वेळी फिट थांबवेलच असं नाही, आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा विचार त्यामुळेच सोडून चालत नाही (प्रश्न ८).

४. माझ्या मुलाचा डोस किती? चिठ्ठीवर मिलिग्रॅम आहे, सिरिंजवर मिलिलिटर आहे आणि स्प्रेवर पफ. काहीच ताळमेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश बघू. चार वर्षांची, १८ किलो वजनाची एक मुलगी धरू.

गालात देण्यासाठी मोजून भरलेल्या सिरिंजचा डोस वयावर ठरलेला आहे : १ वर्षाच्या आत २.५ मिलिग्रॅम, १ वर्ष पूर्ण ते ५ वर्षांच्या आत ५ मिलिग्रॅम, ५ ते १० वर्षांच्या आत ७.५ मिलिग्रॅम आणि १० ते १८ वर्षांच्या आत १० मिलिग्रॅम. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे औषध रुग्णालयातच, देखरेखीखाली दिलं जातं. म्हणजे आपल्या मुलीला ५ मिलिग्रॅम.

आता खाचखळगा इथे आहे. गालात द्यायचं मिडाझोलाम दोन वेगवेगळ्या तीव्रतेत येतं. एकात दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात १० मिलिग्रॅम. पहिल्यातून ५ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर, दुसऱ्यातून अर्धा मिलिलिटर. 'एक मिलिलिटर द्यायचं' एवढंच पाठ करून ठेवलं आणि पुढच्या वेळी दुकानातून दुसरी तीव्रता आली, तर डोस थेट दुप्पट होतो.

नाकातला डोस बहुधा वजनावर काढतात : दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, एकूण १० मिलिग्रॅमच्या वर नाही. १८ गुणिले ०.२ म्हणजे ३.६ मिलिग्रॅम. मुलीकडे दर पफला ०.५ मिलिग्रॅम देणारा स्प्रे असेल तर ७ पफ : एका नाकपुडीत ४, दुसरीत ३. पण स्प्रे दर पफला १.२५ मिलिग्रॅमचा असेल तर ३ पफच पुरतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच. सातची सवय असलेल्या आईच्या हातात दुसरी बाटली आली तर ३.६ ऐवजी पावणेनऊ मिलिग्रॅम जाईल. उलट बाजूने चूक झाली तर तीनच पफमध्ये दीड मिलिग्रॅम जाईल आणि फिट थांबणार नाही. काही स्प्रे एकाच दाबात ५ मिलिग्रॅम सोडणारे असतात; ते मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी असतात, लहानांना नाहीत.

काही ठिकाणी इंजेक्शनचंच द्रावण सुई काढलेल्या सिरिंजला फवारा करणारं टोक लावून नाकात देतात. त्यासाठी दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असलेलं द्रावण हवं. ३.६ मिलिग्रॅम म्हणजे ०.७२ मिलिलिटर, दोन नाकपुड्यांत निम्मं-निम्मं. टोकाच्या आत साधारण ०.१ मिलिलिटर अडकून राहतं, ते डॉक्टर आधीच हिशेबात धरून सांगतात. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन नाकासाठी निरुपयोगी, कारण साडेतीन मिलिलिटरहून जास्त पाणी नाकात मावतच नाही. ते घशात उतरतं.

म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी एका ओळीत लिहून घ्या : किती मिलिग्रॅम, कुठल्या तीव्रतेच्या औषधातून, आणि म्हणून किती मिलिलिटर किंवा किती पफ. नवीन बाटली घरी आली की ती ओळ आणि लेबल शेजारी शेजारी धरून वाचा. गालातला आणि नाकातला आकडा सारखा नसतो, तेव्हा वाट बदलली की डोस डॉक्टरांनाच विचारायचा.

५. गालात नक्की कुठे आणि कसं सोडायचं?

मुलाला कुशीवर ठेवा किंवा जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घ्या. तोंडात लाळ असेल तर रुमालाने पटकन टिपा. खालचा ओठ आणि गाल यांचा कोपरा बोटाने हलकेच बाहेर ओढला की खालची हिरडी आणि गाल यांच्यामध्ये एक फट दिसते. सिरिंजचं टोक त्या फटीत ठेवायचं. दात आवळलेले असले तरी चालतं, कारण ही जागा दातांच्या बाहेरच्या बाजूला आहे. दातांच्या मधे काही घालायचं नाही, चमचाही नाही आणि बोट तर नाहीच.

दट्ट्या हळूहळू दाबा. घाईत पिचकारी मारली तर औषध घशाकडे जातं. गिळलेलं मिडाझोलाम पोटातून यकृतात जाऊन बरंचसं निकामी होतं. प्रमाण जास्त असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर निम्मं एका गालात, निम्मं दुसऱ्यात. मग गाल बाहेरून हलकेच चोळा.

सिरिंजचं टोपण पूर्ण निघालंय ना, हे बघा. काही सिरिंजच्या टोकावर रंगीत टोपणाच्या आत पारदर्शक टोपी असते. ती राहून गेली तर दट्ट्या दाबला जात नाही किंवा ती टोपी तोंडात पडू शकते. गालासाठीच्या सिरिंजला सुई कधीच लावायची नाही.

६. नाकातला स्प्रे कसा द्यायचा?

गालात हळू आणि नाकात झटक्यात, एवढं ध्यानात ठेवा. इंजेक्शनच्या सिरिंजला फवाऱ्याचं टोक असेल तर दट्ट्या जोरात आणि एकदम दाबायचा, तरच धुकं तयार होतं. हळू दाबलं तर थेंब पडतात आणि घशात ओघळतात. टोक नाकपुडीत बसवून त्याच बाजूच्या कानाच्या वरच्या भागाकडे किंचित रोखा, नाकाच्या मधल्या पडद्यावर नको.

बहुपफी बाटली असेल तर नवी उघडल्यावर धुकं येईपर्यंत काही पफ हवेत सोडावे लागतात. नाहीतर पहिले पफ रिकामे जातात आणि मुलाला डोस मिळालाच नाही, हे कुणाला कळतही नाही. किती पफ सोडायचे ते पत्रकावर असतं. बाटली घरी आणल्या दिवशीच हे करून ठेवा. बरेच दिवस वापरली नसेल तर पुन्हा करावं लागतं. एकाच दाबात डोस संपणारा स्प्रे मात्र चुकूनही तपासून पाहू नका, कारण तपासला की तो संपला.

बाटली उभी धरा. आडवी झाली तर आतली नळी औषधाऐवजी हवा ओढते. त्यासाठी मुलाचं डोकं थोडं उचलून धरावं लागलं तरी चालेल, मग लगेच परत कुशीवर. पफ मोठ्याने मोजत द्या, एक नाकपुडी झाली की दुसरी.

७. दिलं, पण अर्धं लाळेबरोबर बाहेर आलं किंवा नाकातून ओघळलं. पुन्हा देऊ?

नाही. किती आत गेलं याचा अंदाज कुणालाच येत नाही. थोडं ओघळलं तरी बराच भाग शोषला गेलेला असतो, आणि वर पूर्ण डोस गेला तर श्वास मंदावू शकतो. तोंड पुसा, कुशीवर ठेवा, घड्याळ बघत राहा. डोसचा बराचसा भाग सांडलाय अशी खात्री असेल तर अ‍ॅम्ब्युलन्सला लगेच फोन करा आणि नेमकं काय झालं ते सांगा.

८. अ‍ॅम्ब्युलन्स नक्की केव्हा बोलवायची?

सगळ्यात आधी अशा काही प्रसंगांची गोष्ट, जिथे पाच मिनिटंही बघत बसायचं नाही. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, फिटच्या आधी किंवा फिटमध्ये डोक्याला जोराचा मार बसला असेल, फिट पाण्यात आली असेल, मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, मुलाला मधुमेह असेल, तापाबरोबर मान ताठ झाली असेल किंवा अंगावर दाबूनही न जाणारे लालसर-जांभळे ठिपके असतील, तर आधी फोन. नेहमीपेक्षा अगदी वेगळीच फिट असेल तरीही.

बाकी वेळी, मिडाझोलाम हातात घेतलं की दुसऱ्या माणसाने फोन हातात घ्यायचा, असा माझा आग्रह असतो. मुलाला हे औषध पहिल्यांदाच देत असाल तर फोन करायचाच, कारण त्याच्या श्वासावर काय परिणाम होतो हे अजून कुणालाच माहीत नाही. आधी दिलेलं असेल आणि सुरळीत झालं असेल, तर काही पालकांच्या योजनेत 'औषधानंतर पाच मिनिटं बघा, थांबली नाही तर फोन' असं असतं. तेही ठीक आहे, पण अ‍ॅम्ब्युलन्स पोचायला अर्धा तास लागणाऱ्या ठिकाणी ती पाच मिनिटं परवडत नाहीत. तिथे औषधाबरोबरच फोन. वाटेत फिट थांबली तर पुन्हा फोन करून तसं सांगता येतं.

प्रश्न ४ मधल्या मुलीचं उदाहरण घेऊ. रात्री १०:०२ ला फिट सुरू झाली. आईने वेळ बघितली, कुशीवर वळवलं, उशी बाजूला केली. १०:०७ ला सात पफ दिले आणि बाबांनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. १०:१२ ला झटके चालूच. इथे आईने दुसरा डोस दिला नाही (प्रश्न १०). बाबांनी पुन्हा फोन करून 'औषध देऊन पाच मिनिटं झाली, थांबलेली नाही' एवढंच सांगितलं. हे एक वाक्य फार कामाचं असतं. त्यावरून येणाऱ्या माणसांना कळतं की पुढचं औषध तयार ठेवायचं आहे.

फिट थांबल्यावरही काही कारणांसाठी बोलवावं लागतं : श्वासाचा त्रास (प्रश्न ९), पूर्ण शुद्धीवर न येता दुसरी फिट, जखम, किंवा नेहमीच्या वेळेत मूल हाकेला प्रतिसाद न देणं. आलेल्या माणसांच्या हाती रिकामी सिरिंज किंवा बाटली आणि 'किती, केव्हा' लिहिलेला कागद द्या. नाहीतर तेच औषध पुन्हा दिलं जाण्याचा धोका असतो.

९. औषधाने श्वास बंद पडेल ही भीती वाटते. कसं ओळखायचं, आणि काय करायचं?

भीती चुकीची नाही, पण अर्धीच खरी आहे. योग्य एक डोस दिल्यावर श्वास धोकादायक इतका मंदावणं क्वचितच होतं. लांबलेली फिट स्वतःच श्वास बिघडवते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरच्या एका अभ्यासात अ‍ॅम्ब्युलन्समध्ये याच गटातलं औषध मिळालेल्यांपेक्षा तुलनेसाठी आत औषधच नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांमध्येच श्वासाच्या आणि रक्तदाबाच्या गुंतागुंती दुपटीने आढळल्या होत्या.

फिट चालू असताना ओठ थोडे निळसर होणं नेहमीचं आहे, कारण छातीचे स्नायू आवळलेले असतात. फिट थांबली की एक मोठा सुस्कारा येतो, मग घोरल्यासारखा पण एकसारखा श्वास सुरू होतो आणि रंग परत येतो. तो आला की मी निश्चिंत होते. काळजीची वेळ म्हणजे झटके थांबले तरी ओठ निळे किंवा राखाडीच राहिले, किंवा श्वासांमध्ये लांब अंतर पडू लागलं. मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढा, दिवा लावा, छाती-पोटाकडे पूर्ण मिनिटभर बघा. अंधारात मूल 'शांत झोपलंय' असं समजून सोडून देणं धोक्याचं.

श्वास घरघरतोय तर हनुवटी हलकेच वर करा आणि कुशीवरच ठेवा. बहुतेकदा जीभ मागे पडलेली असते, एवढ्याने सुधारतं. श्वास दिसतच नसेल तर मुलाला पाठीवर घ्या, अ‍ॅम्ब्युलन्सला सांगा आणि कृत्रिम श्वास व छातीचे दाब सुरू करा. फोनवरची व्यक्ती पायरी पायरीने सांगते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवा. ज्या घरात मिडाझोलाम आहे, त्या घरातल्या एका तरी माणसाने हे प्रत्यक्ष शिकून घेतलेलं असावं.

१०. पाच-दहा मिनिटं झाली, थांबत नाही. दुसरा डोस देऊ का?

चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं असेल तरच. लिहिलेलं असतं तेव्हाही ते बहुधा 'पहिल्यानंतर १० मिनिटांनी, एकदाच' असं असतं. घरी ऑक्सिजन नसतो, फुगा दाबून श्वास देणारं कुणी नसतं, आणि श्वास मंदावण्याचा धोका दुसऱ्या डोसनंतर वाढतो. लिहिलेलं नसेल तर तुमचं काम आता श्वास मोकळा ठेवणं आणि मदत लवकर आणणं हे आहे.

११. झटके थांबले, पण मूल उठत नाही. फिट चालू आहे की औषधाची झोप?

डोळे बघा. फिटमध्ये बहुतेकदा डोळे उघडे असतात, वर किंवा एका बाजूला वळलेले. फिटनंतरच्या झोपेत ते मिटलेले असतात. पापणी उघडून पाहिली तर बुबुळं एका कोपऱ्यात ओढलेली नसतात. अंग सैल पडलेलं असतं, आणि तळव्याला गुदगुल्या केल्या तर पाय मागे घेतो किंवा कण्हतो. झटके संपताना एकदम थांबत नाहीत, त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. तेवढ्यावरून 'अजून चालू आहे' असं वाटून घाबरू नका.

उलट, हातपाय शांत झाले तरी डोळे उघडे आणि वळलेले, ओठाचा एक कोपरा किंवा एक बोट तालात उडतंय, स्पर्शाला काहीच प्रतिसाद नाही, तर फिट आत चालू असू शकते. तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स. झोप दोन-चार तास लागू शकते. काही मुलं उलट चिडचिडी, रडकी होतात, आईलाच मारतात. तो औषधाचा तात्पुरता परिणाम आहे. झाल्या प्रसंगाची आठवण मुलाला बहुधा राहत नाही. पूर्ण जागं होऊन नीट गिळता येईपर्यंत पाणीसुद्धा देऊ नका, आणि कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.

१२. एक मोठी फिट नाही, पण छोट्या छोट्या एकामागून एक येतात. तेव्हा पाच मिनिटांचा नियम कसा लावायचा?

मधल्या वेळात मूल पूर्ण शुद्धीवर येतं का, हा खरा प्रश्न आहे. येत नसेल तर ती एकच लांब फिट समजा आणि पहिलीच्या सुरुवातीपासून वेळ मोजा. येत असेल तर त्याला फिटचा झुबका म्हणता येईल. त्यासाठी वेगळी मर्यादा असते, बऱ्याच योजनांत 'तासाभरात तीन किंवा जास्त' अशी. पण हा आकडा मुलागणिक बदलतो. रोज पाच-सहा छोट्या फिट येणाऱ्या मुलाला ही मर्यादा लावली तर त्याला रोजच मिडाझोलाम द्यावं लागेल. तुमच्या चिठ्ठीवर झुबक्याबद्दल काहीच नसेल तर पुढच्या भेटीत विचारून घ्या.

क्षणभर टक लावून बघणं किंवा सुटे दचके यांना मिडाझोलाम लागत नाही. एकाच हाताचे झटके किंवा गोंधळल्यासारखं वागणं पाच मिनिटांपुढे चालू राहिलं तर लागू शकतं. त्याचीही ओळ चिठ्ठीवर असावी.

१३. तापात फिट येते, मिरगी नाही. तरीही हेच?

तापातली फिट साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच थांबते. अशा बहुतेक मुलांना घरी मिडाझोलाम लागत नाही. आधी लांबलेली फिट आली असेल तर डॉक्टर लिहून देतात, आणि मग पाच मिनिटांचा नियम तसाच. तापाचं औषध फिट चालू असताना तोंडात घालायचं नाही.

१४. नाक चोंदलंय किंवा दुसरी औषधं चालू आहेत. काही अडचण?

साध्या सर्दीत नाक आधी पुसून स्प्रे देता येतो. गच्च चोंदलं असेल तर गालातून देण्याची सोय आहे का आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

झोप आणणारी किंवा जोरदार वेदनाशामक औषधं चालू असतील तर श्वासाचा धोका वाढतो. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची काही औषधं मिडाझोलाम शरीरात जास्त वेळ टिकवतात. त्यासाठी घरी डोस कमी-जास्त करू नका. नवीन औषध सुरू होताना 'घरी मिडाझोलाम आहे' एवढं प्रत्येक डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, फुप्फुसांचा गंभीर आजार किंवा मायस्थेनिया हा स्नायू दुबळे करणारा आजार असेल तर हे औषध घरी ठेवायचं की नाही, हेच वेगळं ठरवावं लागतं.

१५. शाळेत आणि प्रवासात कसं ठेवायचं?

मूल जिथे, औषध तिथे. दप्तरात नको, जबाबदार माणसाच्या हाताशी. पिशवीत औषध, चिठ्ठीची प्रत (प्रश्न ४ मधल्या ओळीसह), हातरुमाल आणि पेन. शिक्षकांना फक्त कागद देऊन भागत नाही; रिकाम्या सिरिंजने किंवा संपलेल्या बाटलीने एकदा करून दाखवायला लावा. साठवण साध्या खोलीच्या तापमानाला, मूळ खोक्यात, उजेडापासून दूर. फ्रिज नको. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

१६. मुलाचं वजन वाढलंय, चिठ्ठी जुनी आहे. आणि बाटलीची मुदतही गेल्या महिन्यात संपली. आत्ता फिट आली तर?

वजन वाढलं की डोस पुन्हा काढावा लागतो. आपली १८ किलोची मुलगी २५ किलोची झाली की नाकातला डोस ३.६ वरून ५ मिलिग्रॅमवर जातो. जुन्या चिठ्ठीने दिलं तर फिट थांबत नाही आणि घरचे म्हणतात, 'औषध काम करत नाही.' म्हणून वाढत्या वयात दर भेटीला वजन आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा. मात्र फिट चालू असताना मनाने डोस वाढवायचा नाही. हातात जी चिठ्ठी आहे तिच्याप्रमाणेच द्या आणि अ‍ॅम्ब्युलन्स औषधाबरोबरच बोलवा.

मुदत संपलेली बाटलीच हाताशी असेल तर पाच मिनिटांची वाट न बघता, फिट सुरू होताच फोन करा आणि फोनवरच्या माणसाला मुदतीची तारीख वाचून दाखवा. द्यायचं की नाही हे ते सांगतील. द्रावण गढूळ किंवा रंग बदललेलं दिसत असेल तर देऊच नका.